'केलेले होते' की 'करता येते'? नवख्या उमेदवाराचा अर्ज दुरुस्त करताना

आधी अर्जच वाचू. जळगाव जिल्ह्यातल्या एका नागरी सहकारी पतसंस्थेने कनिष्ठ लिपिकाच्या पदासाठी जाहिरात दिली आहे आणि नुकतीच वाणिज्य शाखेची पदवी घेतलेली एक मुलगी अर्ज करते आहे, असे धरू. अर्ज नमुन्यादाखल रचला आहे. त्यातल्या चुका मात्र नेहमीच्या आहेत. झेरॉक्सच्या दुकानात टाइप करून घेतलेल्या किंवा कुणाच्या तरी जुन्या फाइलवर हात फिरवून तयार केलेल्या अर्जांत त्या हमखास भेटतात.

"मा. व्यवस्थापक साहेब,

विषय :- कनिष्ठ लिपीक पदासाठी नोकरी मिळणेबाबत.

वरील विषयास अनुसरून विनंती अर्ज करते की, आपल्या संस्थेत लिपीक पद रिक्त असल्याचे पेपरमधून समजले. माझे शिक्षण बी.कॉम असून मी २०२४ ला पासआउट झालो आहे. तसेच माझे एम.एस.सी.आय.टी., टॅली व टायपिंग केलेले होते. मी एका कर सल्लागारांच्या ऑफिसमध्ये काम करत होते. मी एक मेहनती आणि शिकण्याची आवड असलेली व्यक्ती आहे. माझ्या घरची परिस्थिती हलाखीची असल्याने मला नोकरीची अत्यंत गरज आहे. तरी साहेबांनी माझ्या अर्जाचा सहानुभूतीपूर्वक विचार करून तुमच्या संस्थेत संधी द्यावी, मी आपले उपकार कधीही विसरणार नाही, ही नम्र विनंती.

आपला विश्वासु"

हा अर्ज हातात घेणाऱ्याला चार गोष्टी हव्या असतात. शिक्षण नेमके काय, ते कधी पूर्ण झाले, आज कोणते काम येते आणि बोलावले तर कधी रुजू होणार. वरच्या अर्जात यातल्या पहिल्या तिन्ही गोष्टींचा उल्लेख आहे आणि तिन्हींबद्दल शंका येते. चौथीचा पत्ताच नाही. या चुकांनी अर्ज फक्त गबाळा दिसत नाही. क्रियापदाचा काळ चुकला की उमेदवाराचा दावा बदलतो, पदवीचे नाव चुकले की पदवीच बदलते आणि सूर चुकला की अर्ज नोकरीसाठी आहे की मदतीसाठी, हे कळेनासे होते.

काळ

सर्वांत आधी डोळ्यांत भरते ते 'झालो'. अर्ज मुलीचा, 'अर्ज करते' आणि 'काम करत होते' ही रूपेही तिचीच, पण मध्येच 'पासआउट झालो' आणि शेवटी 'आपला विश्वासु'. मराठीत क्रियापद बोलणाऱ्याचे लिंग सांगते, म्हणून दुसऱ्याची फाइल वापरली की ती इथे उघडी पडते. नाव, पत्ता, तारीख बदलली जाते. क्रियापदे राहून जातात. अर्ज लिहून झाल्यावर फक्त वाक्यांची शेवटची पदे वरपासून खालपर्यंत वाचली, तर ही चूक मिनिटभरात सापडते.

दुसरी चूक जास्त महागाची आहे. 'टॅली केलेले होते' हा पूर्ण भूतकाळ. मराठीत तो तेव्हा येतो, जेव्हा भूतकाळातल्या एका घटनेच्या आधी दुसरी घटना घडून गेलेली असते : 'मी स्टँडवर पोहोचले, तेव्हा गाडी सुटली होती.' पुढची घटना न सांगता नुसते 'मी टॅली शिकले होते' म्हटले, तर ऐकणारा मनात ते वाक्य पुरे करतो : शिकले होते, पण आता येत नाही. मुलीला तसे म्हणायचे नाही. तिला सांगायचे आहे की अभ्यासक्रम पूर्ण झाला आहे आणि काम आजही येते. त्यासाठी दोन वेगळे काळ लागतात. जे पूर्ण झाले आणि ज्याचा उपयोग आज आहे, ते 'पूर्ण केला आहे'. जे आज हातात आहे, ते 'करता येते'. म्हणून 'टॅलीचा अभ्यासक्रम पूर्ण केला आहे. टॅलीत खरेदी-विक्रीच्या नोंदी स्वतंत्रपणे करता येतात.' पहिल्या अर्ध्या वाक्याला प्रमाणपत्राचा आधार आहे आणि दुसऱ्याची परीक्षा मुलाखतीत घेता येते.

'ऑफिसमध्ये काम करत होते' हा अपूर्ण भूतकाळ. यात काम चालू असल्याचे चित्र दिसते, पण ते कधी सुरू झाले, कधी संपले आणि शेवटी काय झाले, हे कळत नाही. वाचणाऱ्याच्या मनात लगेच प्रश्न उभा राहतो की काम मध्येच सोडले की काय. साधा भूतकाळ आणि महिने घातले की शंका मिटते : 'जुलै ते डिसेंबर २०२४ या काळात एका कर सल्लागारांच्या कार्यालयात प्रशिक्षणार्थी म्हणून काम केले.' काम अजून चालू असेल तर 'जुलै २०२४ पासून काम करत आहे'. ही दोन वाक्ये एकमेकांच्या जागी चालत नाहीत, कारण रुजू होण्याची तारीख त्यांवर अवलंबून असते.

अर्जाला जोडलेल्या बायोडाटात काळाची चूक वेगळ्या रूपात येते. तिथे अनुभवाखाली 'बिले नोंदवणे, बँक जुळवणी पत्रक तयार करणे, फाइलिंग करणे' अशी यादी असते. 'णे'ने संपणाऱ्या या रूपांना काळच नाही. ती कामे केली, करायची होती, की त्या पदाच्या कामांची यादी कुठून तरी उतरवली आहे, हे त्यांतून ठरत नाही. नियुक्तिपत्रात कामाचे स्वरूप सांगताना ही रूपे शोभतात, कारण तिथे पुढे करायचे काम सांगायचे असते. अनुभव सांगताना क्रियापद पुरे करावे : 'बारा व्यापाऱ्यांची बिले टॅलीत नोंदवली', 'दरमहा बँक जुळवणी पत्रके तयार केली'. क्रियापद पुरे करायला बसले की किती आणि कुठे हे आपोआप सुचते. आणि जे केलेच नाही, त्यापुढे 'केले' लिहिताना हात थबकतो.

निकाल लागण्याआधी अर्ज करणाऱ्यांची अडचण निराळी. ते 'बी.कॉम. पूर्ण' असे लिहून मोकळे होतात किंवा नुसते 'बी.कॉम. अपिअर' लिहितात. खरी स्थिती एका वाक्यात मावते : 'बी.कॉम. तृतीय वर्षाची परीक्षा एप्रिलमध्ये दिली असून निकाल जूनमध्ये अपेक्षित आहे.' दिलेली परीक्षा भूतकाळात आणि न लागलेला निकाल 'अपेक्षित'. निकालाआधी स्वतःला पदवीधर म्हणवून घेतले, तर कागदपत्रांच्या पडताळणीत ती चूक राहत नाही, खोटी माहिती ठरते.

पदव्यांची नावे

आता 'एम.एस.सी.आय.टी.' पाहू. उमेदवाराला म्हणायचे आहे एमएस-सीआयटी, म्हणजे २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळाने सुरू केलेला संगणक साक्षरतेचा अभ्यासक्रम. अनेक नोकऱ्यांच्या जाहिरातींत त्याची अट असते. पण तिने टिंबे अशी दिली आहेत की ते 'एम.एस.सी., आय.टी.' असे वाचता येते, म्हणजे माहिती तंत्रज्ञानातली पदव्युत्तर पदवी. काही महिन्यांचा अभ्यासक्रम आणि दोन वर्षांची पदवी यांतला फरक टिंबांच्या जागेवर येऊन थांबला. वाचणारा जाणकार असेल तर हसून पुढे जाईल. नसेल तर पदव्युत्तर पदवीचे प्रमाणपत्र मागेल.

यावर एक सोपी कसोटी आहे : एक टिंब म्हणजे एक शब्द. बी.सी.ए.मध्ये तीन शब्दांची तीन आद्याक्षरे आहेत, म्हणून टिंबे तीन. बी.कॉम.मध्ये 'कॉम' हा एकाच शब्दाचा तुकडा, म्हणून तो अखंड. विज्ञानाच्या पदवीतही 'एस' आणि 'सी' ही एकाच 'सायन्स' या शब्दातली अक्षरे आहेत. म्हणून ती जोडून येतात आणि लेखन होते 'बी.एस्सी.', 'एम.एस्सी.', 'बी.एस.सी.' नव्हे. याच न्यायाने 'पी.एच.डी.' चूक आणि 'पीएच.डी.' बरोबर, कारण 'पीएच' हा फिलॉसॉफीचा तुकडा आहे. शेवटच्या टिंबाचाही विसर पडू नये : आत टिंब आणि शेवटी काहीच नाही, असे 'बी.कॉम' अर्धवट राहते. अनेक वृत्तपत्रे सगळीच टिंबे गाळून 'बीकॉम', 'बीएस्सी' लिहितात, तेही चालते. मात्र अर्जात एक पद्धत आणि बायोडाटात दुसरी, असे होऊ नये. एमएस-सीआयटीच्या बाबतीत अभ्यासक्रमाचे नाव जसे प्रचलित आहे तसेच, मध्ये जोडरेघ देऊन लिहावे, म्हणजे गोंधळाला जागा उरत नाही.

विद्यापीठाच्या नावात चुका आणखी सहज होतात, कारण ते नाव लांब असते आणि आपण ते रोज तोडून बोलतो. जळगावच्या विद्यापीठाला २०१८ मध्ये बहिणाबाईंचे नाव मिळाले. त्याचे पूर्ण नाव कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ. आपल्या उमेदवाराच्या बायोडाटात 'कवियत्री' आणि 'विद्यापिठ' असे आहे. 'कवि'वरून शब्द बनला असेल, या समजातून 'कवियत्री' लिहिले जाते. शब्द 'कवयित्री' असा आहे, 'य'ला वेलांटी. स्थानिक बातम्यांत चालणारे 'उमवि' हे संक्षिप्त रूप बायोडाटात नको, कारण अर्ज जिल्ह्याबाहेरही जातो. नाव बदललेल्या विद्यापीठांबाबत नियम सरळ आहे : तुमच्या प्रमाणपत्रावर छापलेले नाव लिहावे. पुणे विद्यापीठाच्या नावापुढे २०१४ मध्ये सावित्रीबाई फुले यांचे नाव जोडले गेले. त्याआधीची पदवी असेल तर प्रमाणपत्रावर 'पुणे विद्यापीठ' असेल आणि अर्जातही तेच यावे.

राहिले ऱ्हस्व-दीर्घ. मराठी साहित्य महामंडळाने १९६२ मध्ये शुद्धलेखनाचे चौदा नियम केले आणि १९७२ मध्ये त्यांत चारांची भर घातली. सगळे अठरा नियम पाठ नसले तरी शैक्षणिक अर्जात पुन्हा पुन्हा येणारे शब्द मूठभरच आहेत. 'इक' या प्रत्ययाची वेलांटी ऱ्हस्व असते, म्हणून शैक्षणिक, माध्यमिक, वैयक्तिक, प्रात्यक्षिक. लिपिक, वाणिज्य आणि पदविका यांतही 'पि', 'णि' आणि 'वि' ऱ्हस्व. 'पदवी'तला 'वी' दीर्घ म्हणून 'पदवीका' लिहिण्याचा मोह होतो, तो आवरावा. उलट परीक्षा, उत्तीर्ण, प्रावीण्य आणि विद्यापीठ यांत वेलांटी दीर्घ आहे आणि प्रत्यय लागला तरी ती तशीच राहते : परीक्षेत, विद्यापीठात. पदवीनंतरचे शिक्षण 'पदव्युत्तर'. 'पदवीत्तर' असा शब्द नाही. आणि 'विश्वासू'चा शेवटचा उकार दीर्घ, कारण मराठीत शब्दाच्या शेवटी येणारा इकार-उकार सामान्यतः दीर्घ लिहितात. एवढी डझनभर अक्षरे तपासली की अर्जातले बहुतेक शुद्धलेखन मार्गी लागते.

टंकलेखनाची गोष्ट याच सदरात येते. 'टायपिंग झालेले आहे' यात भाषा कोणती, वेग किती, परीक्षा कुणाची, काहीच नाही. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद संगणक टंकलेखनाच्या परीक्षा वेगानुसार घेते. प्रमाणपत्रावर भाषा आणि वेग दोन्ही असतात, तेच उतरवावे : 'मराठी टंकलेखन, ३० शब्द प्रतिमिनिट'.

सूर

सूर दोन बाजूंनी बिघडतो. एक बाजू जुन्या विनंतिपत्रांची. 'साहेब', 'हलाखीची परिस्थिती', 'उपकार विसरणार नाही' ही भाषा सवलत किंवा मदत मागताना चालत असेल. पतसंस्था उपकार करायला बसलेली नाही, तिला रोजकीर्द आणि खतावणी सांभाळणारे माणूस हवे आहे. घरची अडचण खरी असली तरी निवड करणाऱ्याला त्यातून उमेदवाराच्या कामाबद्दल काही कळत नाही. शिवाय असे वाक्य घातले की तेवढ्या जागेत कौशल्याचे वाक्य राहून जाते. 'विनंती अर्ज' आणि 'ही नम्र विनंती' असे दोनदा वाकण्याचीही गरज नाही. शेवटी एकदा विनंती पुरे.

दुसरी बाजू इंग्रजी नमुन्यांवरून उतरवलेल्या मराठीची. आपल्या उमेदवाराच्या बायोडाटात वरच 'ध्येय' म्हणून हे वाक्य आहे : 'एका प्रतिष्ठित संस्थेत माझे ज्ञान व कौशल्य वापरण्यासाठी आव्हानात्मक पद शोधत आहे.' अर्जातले 'मी एक मेहनती व्यक्ती आहे' हे त्याचेच भावंड. मराठीत स्वतःबद्दल असे कुणी बोलत नाही, आणि वाक्यातला कुठलाही शब्द तपासता येत नाही. मेहनतीचा पुरावा बारा व्यापाऱ्यांच्या बिलांत आहे, तो दिला की विशेषण गळून पडते. 'ध्येय' काढून त्या जागी दोन ओळींची ओळख द्यावी : 'वाणिज्य शाखेची पदवीधर. कर सल्लागारांच्या कार्यालयात सहा महिने हिशेबाच्या नोंदींचे काम केले.'

संबोधनातही एकच धागा हवा. वरच्या अर्जात 'आपल्या संस्थेत', 'साहेबांनी' आणि 'तुमच्या संस्थेत' अशी तीन रूपे आली. औपचारिक पत्रात 'आपण' धरावे आणि शेवटपर्यंत सोडू नये. विनंतीसाठी 'द्या', 'कळवा' यापेक्षा 'द्यावी', 'कळवावे' ही रूपे बरी. त्यांत आदर आहे आणि लाचारी नाही. व्यवस्थापक स्त्री आहे की पुरुष हे ठाऊक नसेल तर 'महोदय/महोदया' लिहावे.

बायोडाटात आणखी एक घुसखोरी असते, ती लग्नाच्या बायोडाटाची. अनेकांच्या संगणकात फाइल एकच असते आणि त्यातून उंची, वर्ण, वडिलांचा व्यवसाय, भावंडांची संख्या नोकरीच्या अर्जात येऊन बसते. जन्मतारीख, पत्ता, दूरध्वनी आणि ईमेल एवढे पुरते. जातीचा प्रवर्ग जाहिरातीत विचारला असेल तरच लिहावा.

दुरुस्त अर्ज

या सगळ्या दुरुस्त्यांनंतर तोच अर्ज असा होतो :

"प्रति,
व्यवस्थापक,
(संस्थेचे पूर्ण नाव व पत्ता)

विषय : कनिष्ठ लिपिक पदासाठी अर्ज
संदर्भ : (वृत्तपत्राचे नाव), दि. ५ जानेवारी २०२५ ची जाहिरात

महोदय/महोदया,

वरील जाहिरातीनुसार कनिष्ठ लिपिक पदासाठी मी अर्ज करत आहे.

जून २०२४ मध्ये मी बी.कॉम. परीक्षा प्रथम श्रेणीत उत्तीर्ण झाले. त्यानंतर जुलै ते डिसेंबर २०२४ या काळात जळगावातील एका कर सल्लागारांच्या कार्यालयात प्रशिक्षणार्थी म्हणून काम केले. तेथे बारा व्यापाऱ्यांची खरेदी-विक्रीची बिले टॅलीत नोंदवली आणि दरमहा बँक जुळवणी पत्रके तयार केली. मला टॅलीत स्वतंत्रपणे नोंदी करता येतात. मराठी टंकलेखनाची ३० शब्द प्रतिमिनिट वेगाची परीक्षा मी उत्तीर्ण झाले असून एमएस-सीआयटी अभ्यासक्रम पूर्ण केला आहे.

ठेव व कर्ज खात्यांचे काम मी अद्याप केलेले नाही; रोजकीर्द आणि खतावणीच्या नोंदींची मात्र मला सवय आहे. निवड झाल्यास आठ दिवसांत रुजू होऊ शकेन.

मुलाखतीची संधी द्यावी, ही विनंती.

आपली विश्वासू,
(स्वाक्षरी व पूर्ण नाव)

सोबत : बायोडाटा, पदवी व टंकलेखन प्रमाणपत्रांच्या प्रती"

एका ओळीकडे लक्ष द्यावे : 'अद्याप केलेले नाही'. नवख्या उमेदवाराला न येणारे काम लपवावेसे वाटते. पण पतसंस्थेत ठेव आणि कर्ज हीच मुख्य खाती असल्यामुळे त्यांबद्दल मुलाखतीत विचारणारच. 'अद्याप' या शब्दाने ते काम पुढे शिकण्याची तयारी दिसते, आणि जोडीला आलेल्या जवळच्या कामामुळे ते शिकायला किती वेळ लागेल याचा अंदाज येतो.

बायोडाटातली शिक्षणाची ओळही आता सरळ होते : 'बी.कॉम., कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ, जळगाव, जून २०२४, प्रथम श्रेणी.' गुणपत्रकावर श्रेयांकांची सरासरी असेल तर तीच लिहावी. मनाने तिचे टक्के काढू नयेत. ते हवे असतील तर विद्यापीठाने ठरवलेल्या सूत्रानेच काढावे आणि तसे नमूद करावे. बारावीसाठी मंडळाचे नाव 'महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ' असे पूर्ण द्यावे आणि विभागीय मंडळ जोडावे.

शेवटी एक मर्यादा. शुद्धलेखनाचे नियम माणसाच्या नावाला लावायचे नाहीत. नियमाप्रमाणे 'सुनीता' बरोबर असले, तरी दहावीपासून सगळ्या कागदांवर 'सुनिता' असेल तर अर्जातही 'सुनिता'च हवे, नाहीतर पडताळणीच्या वेळी दोन निराळ्या व्यक्तींचे कागद समोर आल्यासारखे होते. आडनावाला आणि महाविद्यालयाच्या नोंदलेल्या नावालाही हेच लागू. म्हणून अर्ज पाठवण्यापूर्वीची तपासणी दोन वेगळ्या कागदांशी करावी. नावे, वर्षे आणि पदव्या प्रमाणपत्रांशी ताडून पाहाव्यात, बाकीचे शब्द शब्दकोशाशी. दोन्ही कामे एकाच नजरेत उरकायला गेले की नावाची 'दुरुस्ती' होते आणि 'लिपीक' तसाच राहतो.